सरदारजींचं 'तेरावं' नव्हतं हो ते!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या बिल्डिंगमधल्या सरदारजींच्या जाण्याची छोटी बातमी आली होती. बातमी दिलीत त्याबद्दल थँक्यू, पण त्यात लिहिलंय की 'रविवारी तेराव्याचा विधी झाला, मृतात्म्याला भोग चढवण्यात आला आणि स्मशानात मृतांसाठीची खास प्रार्थना म्हटली गेली'. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मी सायनला राहतो, त्यांच्याच मजल्यावर, समोरासमोर दार, तीस वर्षं झाली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही तुमच्या बातमीदाराइतकाच अडाणी होतो, म्हणून रागाने लिहीत नाहीये.

मंगळवारी रात्री ते गेले. आम्ही शेजारी लगेच धावलो आणि आपल्या सवयीने मी म्हटलं, चला खाली घ्या, जमिनीवर. आमच्या हिने तोवर तुळशीपत्र आणि दिवा आणलेला. त्यांची धाकटी मुलगी रडत होती पण उठून हळूच म्हणाली, "काका, नको. बेडवरच राहू दे, आणि दिवापण नको प्लीज." मला तेव्हा थोडं लागलं, कबूल करतो. नंतर तिनेच सांगितलं की शिखांची जी रहत मर्यादा आहे, म्हणजे १९४५ साली ठरलेली आचारसंहिता, त्यात हे स्पष्टच लिहिलंय की माणसाला पलंगावरून खाली उतरवायचं नाही, दिवा लावायचा नाही, पिंड नाही, छाती पिटून रडणं नाही. फक्त वाहेगुरू म्हणायचं नाहीतर गुरबाणी, म्हणजे ग्रंथसाहिबातली वाणी, वाचायची. रात्रभर ते चार जण तेच करत बसले होते. सकाळी आंघोळ घालून स्वच्छ कपडे घातले, पगडी बांधली, कडं, कृपाण, कंगवा सगळं अंगावर तसंच ठेवलं, आणि अरदास, म्हणजे उभं राहून करायची सामुदायिक प्रार्थना, करून निघाले.

स्मशानात मडकं वगैरे काही नाही. मुलगा कॅनडात, फ्लाइट मिळत नव्हती, सगळ्यांना वाटलं आता थांबायचं की पुतण्याला पुढे करायचं, तर धाकटीनेच अग्नी दिला. त्यावर कुणी नाकं मुरडली नाहीत, कारण नियमच असा आहे की मुलगा किंवा कुणीही नातेवाईक, अगदी मित्रसुद्धा देऊ शकतो. मग सगळे चितेपासून लांब बसून शबद, म्हणजे ग्रंथसाहिबातली पदं, म्हणायला लागले. मी आपला कपाळमोक्षाची वाट बघत उभा. शेजारच्या एका म्हाताऱ्या सरदारजींना विचारलं तर म्हणाले, आमच्यात कपालक्रिया नसते, चिता नीट पेटली की झालं. आणि खरंच, ज्वाळा सगळीकडून वर आल्याबरोबर त्यांनी एक छोटीशी प्रार्थना म्हटली, अरदास केली आणि सगळे उठले.

ती प्रार्थना म्हणजे कीर्तन सोहिला. तुमच्या बातमीतली 'मृतांसाठीची खास प्रार्थना'. साहेब, ती मृतांसाठीची नाहीच आहे! ती रोज रात्री झोपण्यापूर्वी म्हणतात. सूर्यास्ताला रेहरास आणि झोपताना सोहिला. गुरुद्वारात रात्री ग्रंथसाहिब मिटून ठेवतात तेव्हाही हीच. फक्त पाच शबद, तीन गुरु नानकांचे, एक गुरु रामदासांचा, एक गुरु अर्जनांचा. तीस वर्षं रात्री त्यांच्या दारातून हे गुणगुणणं मी ऐकत होतो आणि मला वाटायचं सरदारजी रेडिओ लावतात.

पहिल्याच शबदात एक ओळ आहे, 'संबति साहा लिखिआ मिलि करि पावहु तेलु'. लग्नाची तिथी लिहून झालीय, सगळे मिळून तेल घाला. पंजाबात नवी नवरी दारात आली की उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना तेल घालतात, आपल्याकडे माप ओलांडतात तसं. आणि पुढे म्हटलंय की हे आमंत्रण रोज घरोघरी जातंय. म्हणजे चितेसमोर बसून हे लोक लग्नपत्रिकेचं गाणं म्हणत होते, आणि मी कवटी कधी फुटते ते बघत होतो.

दुसऱ्या दिवशी आपण सावडायला जातो तसं अस्थी वेचणं नाही, राख आणि अस्थी सगळं एकत्रच भरलं. हे वाहत्या पाण्यात सोडायचं नाहीतर तिथेच पुरून जमीन सपाट करायची. यावर मात्र घरात वाद झाला, चुलते म्हणाले पंजाबातल्या किरतपूरलाच न्यायचं, सतलजमध्ये. धाकटी म्हणाली मर्यादेत ते नको म्हटलंय. शेवटी किरतपूरलाच गेलं. पंजाबातली कितीतरी घरं तेच करतात, नियम आणि रूढी यांचं सगळीकडे सारखंच दिसतंय.

आता 'तेरावं'. स्मशानातून आल्यावर संध्याकाळी त्यांनी आतली खोली रिकामी करून ग्रंथसाहिबचा पाठ सुरू केला. ग्रंथाची पानं १४३०. आम्हा सगळ्यांना वाटलं हा अखंड पाठ. अखंड म्हणजे न थांबता, पाठी म्हणजे पाठ वाचणारे आळीपाळीने बसतात आणि ४८ तासांत संपवतात. यांचा सहज पाठ होता, थांबत थांबत, आणि वाचणारे घरचेच. साधारण दहाव्या दिवशी संपवायचा असतो म्हणजे रोज १४३ पानं, सराईत पाठीलाही पाच तास लागतात. वहिनींचे, म्हणजे सरदारजींच्या पत्नीचे, डोळे अधू, धाकटीचं गुरमुखी अडखळत. पाचव्या दिवशी पानं मोजली तर बरीच मागे होती, मग गुरुद्वारातून एक पाठी सकाळी यायला लागले. त्यात मुलगा दहाव्या दिवशी रात्री उतरणार होता. म्हणून समाप्ती रविवारी ठेवली, जी नातेवाइकांच्या सोयीने पुढे नेता येते. मंगळवारपासून मोजलं तर रविवार तेरावा येतो, बस, एवढाच त्या तेराचा अर्थ. (मधे एकदा धाकटी आमच्या हिला हाक मारत आली, काकू, तुमचे नामदेव आले! नामदेवांचे ६१ शबद आहेत त्यात. ही डोक्यावर पदर घेऊन तासभर बसून आली.)

आणि 'भोग' म्हणजे नैवेद्य नव्हे. आपल्याकडे भोग चढवतात किंवा भोगतात, त्यांच्याकडे भोग म्हणजे पाठाची समाप्ती. शेवटची काही पानं मुद्दाम बाकी ठेवली होती. रविवारी सगळ्यांसमोर गुरु तेगबहादुरांचे ५७ श्लोक वाचले, सगळे बरोबर म्हणत होते. त्यात एक आहे, काळजी त्याची करावी जे कधी घडत नाही. मग रामकली सद्द ही रचना, अरदास, हुकमनामा म्हणजे ग्रंथ उघडून समोर येईल तो शबद वाचणं, आणि कडाह प्रसाद म्हणजे शिरा. प्रसाद आम्हा सगळ्यांनाच वाटला, कुणा आत्म्यापुढे पान वाढून ठेवलेलं नव्हतं. शेवटी मुलाला पगडी बांधली आणि लंगर. आमच्या हिने नारळ नेला होता, तो पाठी महाराजांनी हसत हसत ग्रंथसाहिबजवळून उचलून स्वयंपाकघरात पाठवला, पाठाजवळ नारळ-कलश ठेवत नाहीत म्हणे. त्याची चटणी झाली.

तर दुरुस्ती छापणार असाल तर एवढंच करा, 'तेराव्याचा विधी' काढून 'सहज पाठाची समाप्ती' लिहा आणि प्रार्थनेचं नाव कीर्तन सोहिला असं द्या. वहिनींनी ते कात्रण फ्रिजवर लावलंय, त्यांना मराठी नीट वाचता येतं.

आपला,
एक वाचक, सायन