चरावर नुसती खडी टाकून काय होणार?

संपादक महोदय,

मारुती मंदिर ते पाण्याची टाकी या आमच्या रस्त्यावर डाव्या हाताला, पिठाच्या गिरणीपासून दवाखान्याच्या गेटपर्यंत साधारण 60 मीटर, पाइपलाइनसाठी चर खणला आणि माती तशीच ढकलून वर डांबर फासलं, रोलर काही फिरवलाच नाही, मग पहिल्याच पावसात तो खचला नि आता टूव्हीलरचं चाक अडकून माणसं पडतायत. मध्ये खडी टाकून गेले, ती दोन दिवसांत उडाली (अर्धी आमच्या अंगणात आलीय!). वॉर्ड ऑफिसला 42 घरांच्या सह्यांचा अर्ज दिलाय, पोच आहे. मागणी एवढीच की माती काढून मुरूम-खडी थराथराने दाबून भरा, डांबर पाऊस उघडल्यावर टाका, तोवर निदान बॅरिकेड तरी लावा.

– मारुती मंदिर परिसरातले रहिवासी