घर मुलुंडला की ठाण्याला? घरभाडे भत्त्याच्या करसवलतीबद्दल अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

सप्टेंबर 2025

महोदया, नमस्कार.

अंधेरीतल्या एका खासगी कार्यालयात मी बरीच वर्षे पगारपत्रक सांभाळते. राहते ठाण्यात, भाड्याच्या घरात. नव्या आयकर कायद्यावर ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची सही झाली. 1 एप्रिल 2026 पासून तो लागू होईल आणि त्याआधी त्याचे नियम नव्याने लिहिले जातील. त्या नियमांत घरभाडे भत्त्याचा हिशोब जसाच्या तसा उतरवला जाऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आजचा हिशोब कलम 10(13अ) आणि नियम 2अ प्रमाणे होतो. तीन रकमा काढायच्या आणि त्यांतली सर्वांत लहान रक्कम करमुक्त धरायची. पहिली रक्कम म्हणजे नोकरी देणाऱ्याने प्रत्यक्ष दिलेला घरभाडे भत्ता. दुसरी, भरलेल्या भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरलेली. तिसरी, पगाराचे 50 टक्के किंवा 40 टक्के. पगार म्हणजे इथे मूळ वेतन, म्हणजे आपण बेसिक म्हणतो ते. निवृत्तीच्या लाभांत धरला जाणारा महागाई भत्ता आणि उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने मिळणारे कमिशन असेल, तर ते त्यात मिळवायचे. आमच्यासारख्या खासगी कार्यालयांत बहुतेकांचा पगार म्हणजे नुसते बेसिकच.

तिसऱ्या रकमेतले 50 टक्के फक्त चार शहरांना आहेत: मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. बाकी सगळ्या देशाला 40. हे शहर ठरते घरावरून. नोकरी कुठे आहे याला नियमात काही स्थान नाही, भाड्याचे घर कुठे आहे एवढेच बघायचे. माझा सगळा आक्षेप या एका मुद्द्याभोवती आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर मांडते.

आमच्याकडच्या दोघांचे 2024-25 चे आकडे घ्या. सोयीसाठी ते गोल केले आहेत. दोघांचे बेसिक महिना 60,000 रुपये, घरभाडे भत्ता 30,000 रुपये, घराचे भाडे 34,000 रुपये. दोघांनीही जुनी करप्रणाली निवडली, कारण ही सवलत नव्या प्रणालीत मिळतच नाही. एकाचे घर मुंबईच्या हद्दीत, मुलुंड पश्चिमेला, दुसऱ्याचे हद्दीवरचा चेकनाका ओलांडल्यावर ठाण्यात. दोघेही एकाच लोकलने कामाला येतात.

मुलुंडकराचा हिशोब असा. भत्ता 30,000. भाडे उणे बेसिकचा दहावा हिस्सा, म्हणजे 34,000 वजा 6,000, उरले 28,000. बेसिकचे 50 टक्के 30,000. सर्वांत लहान 28,000, तेवढे करमुक्त. ठाणेकराच्या पहिल्या दोन रकमा त्याच आहेत, पण तिसरी 40 टक्क्यांनी 24,000 होते आणि तीच लहान ठरते. महिन्याला 4,000 रुपयांचा फरक, वर्षाला 48,000 रुपयांचा. दोघेही 20 टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने ठाणेकराने उपकरासह 9,984 रुपये जास्त भरले. मुलुंडच्या नाक्यावर छोट्या गाड्यांचा टोल गेल्या वर्षी ऑक्टोबरात बंद झाला. हा टोल मात्र चालूच आहे, आणि तो भरतो गाडी नसलेला भाडेकरू.

शहरामुळे प्रत्येकाचे नुकसान होते असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. हिशोब उलगडून पाहिला तर 40 टक्क्यांची मर्यादा दोन गोष्टी एकदम असतील तेव्हाच आड येते: भाडे बेसिकच्या निम्म्याहून जास्त असायला हवे आणि मिळणारा भत्ता बेसिकच्या 40 टक्क्यांहून जास्त असायला हवा. भाडे निम्म्याहून कमी असेल, तर दुसरीच रक्कम लहान निघते आणि शहर कोणतेही असो, उत्तर तेच येते. वरच्याच ठाणेकराचे भाडे 28,000 असते, तर 28,000 वजा 6,000 म्हणजे 22,000 करमुक्त झाले असते, मुलुंडमध्येही आणि ठाण्यातही. ज्यांचे बेसिक चांगले आहे त्यांना या नियमाची झळ बसत नाही. बसते ती अशांना, ज्यांच्या पगारातले बेसिक मुद्दाम कमी ठेवून बाकीचे निरनिराळ्या भत्त्यांत वाटलेले असते. नव्याने नोकरीला लागलेली मुले यात मोठ्या संख्येने असतात. त्यांचे भाडे बेसिकच्या निम्म्यापुढे सहज जाते.

आता मुख्य अडचण. नियमाला घराचे शहर हवे असते, पण ते नीट विचारले कुठेच जात नाही.

सवलतीसाठी कर्मचारी आम्हाला फॉर्म 12बीबी भरून देतो. त्यात भाड्याची रक्कम असते, घरमालकाचे नाव असते, घरमालकाचा पत्ता असतो आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन असतो. भाड्याने घेतलेल्या घराचा पत्ता लिहायला त्यात रकानाच नाही. ठाण्यातल्या घराचा मालक दादरला राहत असेल, तर फॉर्मवर दादर येते. भाडेकरार मागवून वाचला तर खरे शहर कळते, पण मार्चच्या घाईत प्रत्येक करार कोण उघडतो? पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्यालयाची शाखा आधीच भरलेली असते. अंधेरी म्हणजे मुंबई, मुंबई म्हणजे 50 टक्के. असे लागलेले फॉर्म 16 मी स्वतः पाहिले आहेत आणि दुरुस्त करायला लावले आहेत.

पुढे विवरणपत्रात गोंधळ वाढतो. यंदा, म्हणजे 2025-26 या कर निर्धारण वर्षासाठी, आयकर खात्याने घरभाडे भत्त्याचा तपशील सविस्तर मागितला. बेसिक, मिळालेला भत्ता, भरलेले भाडे, सगळे वेगवेगळे. ही सुधारणा चांगली आहे आणि मला ती मनापासून पटली. पण शहराच्या जागी विचारले आहे Place of Work, म्हणजे कामाचे ठिकाण. खात्याच्याच संकेतस्थळावरच्या गणकयंत्रात मात्र आपण महानगरात राहता का, असा प्रश्न आहे. नियम घर विचारतो, गणकयंत्र घर विचारते, विवरणपत्र कार्यालय विचारते.

ठाण्यात राहणारा आणि अंधेरीत काम करणारा माणूस या प्रश्नाला प्रामाणिकपणे उत्तर देतो तेव्हा महानगर निवडतो. त्याला 50 टक्के लागतात, आणि 24,000 च्या जागी 28,000 ची सवलत मागितल्याचा दोष त्याच्या माथी येतो. याउलट मुलुंडला राहून ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये काम करणारा महानगर नाही असे लिहितो आणि हक्काचे 4,000 महिन्याला सोडून देतो. दोघांनीही खोटे काही लिहिलेले नसते. यंदा आमच्याकडच्या सहा जणांनी हा रकाना कसा भरायचा म्हणून मला विचारले. नियमाप्रमाणे घर बघा, असे मी सांगितले. पण फॉर्मवर लिहिले आहे त्याच्या विरुद्ध सांगताना मलाच अवघड झाले.

बरे, मुंबई म्हणजे नेमके कुठवर, तेही नियमात लिहिलेले नाही. ठाण्याचे पिनकोड 400 ने सुरू होतात. नवी मुंबईच्या तर नावातच मुंबई आहे. लोक विचारतात, आणि मी महापालिकेची हद्द धरते: बृहन्मुंबई महापालिकेत असेल तर 50, नाहीतर 40. इकडे तुमच्याच सरकारचा दुसरा नियम आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता देताना शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग केलेले आहेत. एक्स वर्गात आठ नागरी समूह आहेत आणि त्यांतल्या बृहन्मुंबई समूहात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर येतात. पुणे, बंगळूरु, हैदराबाद आणि अहमदाबादही त्याच यादीत आहेत. ठाण्यात राहणे मुंबईइतकेच महाग आहे हे भत्ता देताना सरकारला मान्य आहे, कर घेताना नाही.

आणखी एक चूक मी सतत पाहते. हिशोब ज्या काळात ते घर भाड्याने होते तेवढ्याच काळाचा करायचा असतो. नियमात तसे आहे, पण भाषा इतकी आडवळणाची आहे की लोक वर्षाची बेरीज करून मोकळे होतात. आमच्याकडची एक मुलगी जुलैपर्यंत आईवडिलांकडे होती. ऑगस्टपासून तिने ठाण्यात 28,000 भाड्याने घर घेतले. बेसिक आणि भत्ता वरच्यासारखेच. आठ महिने भाडे म्हणजे 2,24,000. तिने त्यातून वर्षभराच्या बेसिकचा दहावा हिस्सा, 72,000, वजा केला आणि 1,52,000 लिहिले. खरे तर आठ महिन्यांचेच 48,000 वजा व्हायला हवे होते, म्हणजे सवलत 1,76,000. चोवीस हजारांवर ती विनाकारण कर भरणार होती. भाडे जास्त असते, तर याच पद्धतीने उलटी चूक होऊन सवलत हक्कापेक्षा जास्त निघू शकते. बेसिक, भत्ता, भाडे आणि शहर, या चारांपैकी एक जरी बदलले तरी तिथून नवा हिशोब मांडायला हवा.

म्हणून नव्या नियमांत चार गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. 12बीबीच्या जागी जो फॉर्म येईल त्यात भाड्याच्या घराचा पत्ता आणि महापालिका किंवा नगरपालिका यांचा रकाना ठेवा. विवरणपत्रातले कामाचे ठिकाण काढून तिथे घराचे ठिकाण विचारा. हे तर नियम येण्याची वाट न बघता पुढच्या वेळीच करता येईल. 50 टक्क्यांची यादी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या एक्स यादीशी जोडा, म्हणजे मुंबई कुठे संपते हा वादच उरणार नाही, आणि पुण्यापासून हैदराबादपर्यंतच्या भाडेकरूंनाही न्याय मिळेल. आणि हिशोब महिन्याला करायचा, हे एका सरळ वाक्यात लिहा, शक्य तर एक आकडेमोड खाली देऊन.

यावर कोणी म्हणेल की आता नवी करप्रणाली आहे, तिकडे जा. ज्यांना ती फायद्याची आहे ते गेलेच आहेत. पण भाडे जास्त, शिवाय भविष्य निर्वाह निधी आणि विमा भरणारे, अशांपैकी काहींना अजून जुनीच परवडते, आणि जोवर कायद्यात ती आहे तोवर तिचा नियम बरोबर असायला हवा.

यंदाची विवरणपत्रे भरून झाली. ज्यांनी कामाचे ठिकाण वाचून महानगर लिहिले आणि घर ठाण्यात किंवा डोंबिवलीत आहे, त्यांच्यासाठी खात्याने निदान एक खुलासा काढावा. सुधारित विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबरपर्यंत आहे. त्याआधी खुलासा आला, तर आमच्या कार्यालयातल्या त्या सहा जणांना मी लेखी उत्तर देऊ शकेन.

आपली,
ठाण्यात भाड्याने राहणारी एक नोकरदार