महालक्ष्म्यांच्या जेवणातल्या नावांच्या पानांसाठी, काकूंना

काकू, फोनवर थँक्यू म्हणलं पण मन भरलं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलेय.

यंदा महालक्ष्म्या आमच्याकडं होत्या, परभणीला, जेवायला 36 माणसं. दरवर्षी पंगत बसताना कोण कुठं यातच पंधरा मिनिटं जातात, गुडघे दुखणारी आजी उभीच राहते आणि शुगरवाल्या मामांपुढं पुरणपोळीचं ताट येतं, म्हणून यंदा प्रत्येकाच्या पाटापुढं नाव ठेवायचं ठरवलं. आवाहनाच्या रात्री मी आंब्याच्या पानांवर जेल पेननं नावं लिहीत बसले, तर बोट लागलं की सगळं पुसायलं. रडायलाच आलं होतं, तेवढ्यात तुम्ही आलात.

पानाच्या वरच्या बाजूला मेणासारखा थर असतो, शाई आत मुरतच नाही, हे तुम्ही पान नखानं खरवडून दाखवलं तेव्हा कळलं. मग नाव पानावर लिहायचंच नाही म्हणालात. जाड कागदाची बोटभर रुंद पट्टी, तिच्यावर परमनंट मार्करनं नाव, आणि पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना शिरेला समांतर एकेक चीर, पट्टीच्या रुंदीपेक्षा जराशी लांब. पट्टी शिरेवरून जाते, टोकं चिरांतून मागं. शीर आडवी येते म्हणून पान फाटत नाही, पट्टीही निसटत नाही. कोवळं तांबूस पान घेऊ नको, ते तासाभरात मान टाकतं, जून गर्द हिरवं घे, रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव आणि चिरा सकाळीच पाड, नाहीतर कडा काळ्या पडतात, हे सगळं तुम्ही पुरण वाटता वाटता सांगत होता.

खुर्चीवर बसणाऱ्या सात म्हाताऱ्या माणसांसाठी तुमच्या शिलाईच्या मशीनखालच्या, खणाच्या कापडाच्या चिंध्या. नुसता खण कापला की दोरे सुटतात, म्हणून आधी मैद्याची पातळ खळ लावून, पूर्ण वाळू देऊन, मगच कात्री. भादव्याची हवा दमट, चिंध्या वाळेनात, तर तुम्ही पंख्याखाली दोरी बांधून टांगल्या. नाव कागदावर लिहून त्यावर टाचलं आणि नाडीनं खुर्चीच्या पाठीला बांधलं.

काय लिहायचं हाही प्रश्नच होता, कारण एकाची मामी ती दुसऱ्याची काकू. तुम्ही म्हणालात, घरातलं सगळ्यात लहान लेकरू ज्या नावानं हाक मारतं तेच लिही. आणि मामांच्या पट्टीला हिरवा दोरा बांधलात, वाढणाऱ्यानं दोरा बघितला की पोळीऐवजी भाकरी. एकदाही चुकलं नाही.

तांब्यातलं पाणी सांडलं तरी एक नाव फुटलं नाही. आजीनं तिचा खणाचा तुकडा पिशवीच्या बंदाला बांधून गावी नेला. तुमच्या नावाचं पान मी देवापुढं ठेवलंय, सुकलंय पण पट्टी जागेवरच आहे.