रूममेटची दोन कामं

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलंस, बी.कॉम.मधलं ते ‘संधी खर्च’ प्रकरण खरंच कुठे लागतं का? एक पर्याय धरताना जो सगळ्यात चांगला दुसरा पर्याय सोडावा लागतो, त्याची किंमत म्हणजे संधी खर्च. माझ्या रूममेटला ते लागलं, तेव्हा त्याचीच गोष्ट सांगतो.

त्याच्यापुढे दोन पार्टटाइम कामं आली. एक कॅफेत, संध्याकाळी ५ ते १०, महिन्याला ९,१०० रुपये. दुसरं आमच्या गल्लीतल्या क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवायचं, ५ ते ७, पगार ५,२००. दोन्हीकडे महिन्याचे २६ दिवस. गडी कॅफेवर फिदा! म्हणाला, “३,९०० जास्त मिळतायत, विचार कसला करायचा?”

मी म्हटलं, जेवशील कुठे? आपली मेस साडेनऊला बंद होते. बाहेर साधी थाळी ८० रुपयांना, म्हणजे महिन्याला २,०८० गेले आणि हातात उरले ७,०२०. त्यावर तो मेसचे आगाऊ भरलेले पैसेही कॅफेच्या नावावर मांडायला लागला. पण ते कुठलंही काम धरलं तरी गेलेलेच, त्यांचा या निवडीशी संबंध नाही.

मग सात ते दहा या वेळेकडे वळलो. वरच्या मजल्यावरच्या काकू मुलीसाठी साडेसात ते साडेआठ शिकवणी विचारत होत्या, महिना २,५०० देणार होत्या. क्लास धरला तर हीही जमते. म्हणजे कॅफेसाठी ५,२०० आणि २,५०० मिळून ७,७०० सोडायचे आणि ७,०२० घ्यायचे. वर रोजचे दोनेक तास अभ्यासाचे जाणार ते वेगळेच.

हे पटल्यावर साहेब दुसऱ्या टोकाला गेले. साडेसातचा तास शिकवणीतही धरला आणि अभ्यासातही! एका तासात एकच काम होतं रे. त्या तासाचे जेवढे उपयोग सुचतील त्यांची बेरीज करायची नसते, त्यातला सगळ्यात चांगला एकच धरायचा. आमच्या सरांनी हे फळ्यावर लिहिलं होतं, पण वहीत उतरवून घेण्यापलीकडे कोणी काही केलं नव्हतं.

“काकूंनी ऐनवेळी नाही म्हटलं तर?” हा त्याचा प्रश्न मात्र रास्त होता. तेव्हा कॅफेत १,८२० जास्त, पण त्यासाठी महिन्याला ७८ तास जादा उभं राहायचं. तासाला जेमतेम २३ रुपये पडले. त्यापेक्षा मी अभ्यास करीन, म्हणाला.

त्याने क्लास घेतला. पण कॅफेवाल्याला तोडलं नाही. एप्रिल-मेमध्ये क्लास बंद, पगार बंद, मुलगी मामाच्या गावाला आणि त्याची स्वतःची परीक्षाही एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. त्यानंतर कॅफेत जाताना सोडायला फारसं काही उरतच नाही. म्हणून तेवढ्या दिवसांसाठी येईन, असं आत्ताच सांगून आलाय.

तुझ्या त्या मेडिकलच्या दुकानातल्या कामाचं काय ठरलं? वेळ आणि पगार दोन्ही कळव, इकडे हिशेब करायला माणूस तयारच आहे. काका-काकूंना नमस्कार.

तुझाच,
पुण्याचा मित्र