एक जोडणी, वीस फ्लॅट: उपकरणे नेमकी कशी मोजली जातात?

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत वीस फ्लॅट असून सर्वांसाठी मिळून एकच ब्रॉडबँड जोडणी आहे. ही सामायिक जोडणी पुरवठादार कंपनीच्या संमतीने आणि तशा लेखी करारानेच घेतलेली आहे. करारात अशी अट आहे की या जोडणीवर एका वेळी १०० उपकरणे चालू शकतील आणि संख्या त्यापुढे गेल्यास संस्थेला वरच्या टप्प्याचे शुल्क भरावे लागेल. कंपनीच्या ताज्या अहवालात आमची संख्या ११८ दाखवली आहे. हा आकडा कोणत्या ठिकाणी, कशावरून आणि किती वेळाच्या अवधीत मोजला, असे मी संस्थेचा सचिव या नात्याने कंपनीला विचारले. त्यावर आकडा प्रणालीने मोजलेला असल्याने तो बरोबर आहे, एवढेच उत्तर मिळाले. हा प्रश्न सामायिक जोडणी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचा असल्यामुळे तो आपल्या वृत्तपत्रातून कंपनीला जाहीरपणे विचारत आहे.

आधी आमच्याकडची रचना सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. तळमजल्यावर कंपनीचे मुख्य उपकरण, म्हणजे गेटवे, बसवलेले आहे. तिथून एका स्विचमार्फत प्रत्येक फ्लॅटमध्ये केबल गेली आहे. चौदा फ्लॅटमधील सभासदांनी त्या केबलला स्वतःचा राउटर जोडला आहे. हा राउटर घरातल्या सगळ्या उपकरणांना आपल्याकडचे आयपी पत्ते, म्हणजे माहिती कोणाकडे पोहोचवायची हे सांगणारे क्रमांक, देतो आणि बाहेर मात्र स्वतःचा एकच पत्ता दाखवतो. त्यामुळे घरात चार उपकरणे असोत की चौदा, तळमजल्यावरच्या गेटवेला त्या फ्लॅटमधून फक्त एक उपकरण दिसते. उरलेल्या सहा फ्लॅटमध्ये वाय-फायची पेटी केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावलेली आहे. ती स्वतः पत्ते वाटत नाही, घरातल्या उपकरणांची मागणी थेट तळमजल्यावर पोहोचवते. म्हणून या घरांतला प्रत्येक फोन, टीव्ही आणि लॅपटॉप गेटवेला वेगवेगळा दिसतो.

या सहा फ्लॅटमधील उपकरणे मी सभासदांना विचारून मोजली, ती ५१ भरली. त्यात चौदा राउटर मिळवावेत. शिवाय कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, प्रवेशद्वारावरचा इंटरकॉम, कार्यालयातला संगणक आणि प्रिंटर अशी चार सामायिक उपकरणे आहेत. सगळी मिळून ६९ होतात. म्हणजे एरवी सर्व काही एकाच वेळी चालू असले, तरी गेटवेला ६९ उपकरणे दिसायला हवीत. मग ११८ कुठून आली?

कंपनीने संस्थेला गेटवेची माहिती केवळ पाहण्यापुरती उघडून दिली आहे. गेटवेने उपकरणांना दिलेल्या पत्त्यांची यादी तिथे असते. प्रत्येक ओळीत उपकरणाचे नाव, त्याचा मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे जोडले जाताना ते स्वतः सांगते तो ओळख-क्रमांक, त्याला मिळालेला आयपी पत्ता आणि त्या पत्त्याची मुदत संपायला उरलेला वेळ दिसतो. या मुदतीला लीज म्हणतात आणि आमच्या गेटवेवर ती २४ तासांची ठेवलेली आहे. अहवाल ज्या दिवशी दुपारी चार वाजता काढला गेला, त्याच वेळची यादी मी जपून ठेवली होती. तिच्यात बरोबर ११८ ओळी होत्या. कंपनी 'एका वेळी चालणारी उपकरणे' म्हणून प्रत्यक्षात लीजच्या ओळी मोजत असावी, हा माझा निष्कर्ष त्यावरून निघाला आहे. तो चुकीचा असल्यास कंपनीने तसे स्पष्ट सांगावे.

लीजची ओळ असणे आणि उपकरण जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा फोन वाय-फायच्या टप्प्याबाहेर गेला, तर तो सहसा आपला पत्ता परत करत नाही. गेटवे त्याची ओळ मुदत संपेपर्यंत तशीच ठेवतो. पण तो फोन गेला आहे की नाही, हे त्याच यादीवरून बऱ्याच खात्रीने ओळखता येते. प्रमाणित पद्धतीप्रमाणे जोडलेले उपकरण लीजची अर्धी मुदत संपताच ती वाढवून मागते. मुदत २४ तासांची असेल तर चालू उपकरण बारा तासांनी नूतनीकरण करते आणि उरलेला वेळ पुन्हा २४ तासांवर जातो. म्हणून जे उपकरण खरोखर जोडलेले आहे, त्याच्या ओळीत बारा तासांपेक्षा कमी वेळ उरलेला सहसा दिसत नाही. ज्या ओळीत तीन-चार तास उरले आहेत, ते उपकरण एकतर निघून गेले आहे किंवा बंद पडून आहे. दोन्ही बाबतींत ते त्या क्षणी जोडणी वापरत नाही.

ही कसोटी लावल्यावर ११८ पैकी ४३ ओळींमध्ये तीन ते पाच तासच उरलेले दिसले. म्हणजे ते पत्ते आदल्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान घेतलेले होते. त्या वेळी संस्थेच्या सभागृहात एक कार्यक्रम होता आणि पाहुण्यांना सभागृहाचे वाय-फाय वापरू दिले होते. या ४३ पैकी ३१ फोन पाहुण्यांचे होते. ते सगळे रात्रीच घरी गेले, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या खात्यावर चालू उपकरणे म्हणून धरले गेले.

उरलेल्या बारा ओळींचे कारण अधिक समजून घेण्यासारखे आहे. ते फोन आमच्याच सभासदांचे, त्या सहा फ्लॅटपैकी. त्यांची एक ओळ घरच्या वाय-फायची आणि दुसरी सभागृहाच्या वाय-फायची होती, आणि दोन्हींतले मॅक अ‍ॅड्रेस निराळे होते. मॅक अ‍ॅड्रेस हा उपकरणाचा कायमचा क्रमांक असतो, अशी समजूत अजून रूढ आहे. मात्र २०१९ मधील अँड्रॉइड १० आणि २०२० मधील आयओएस १४ पासून फोन खासगीपणासाठी प्रत्येक वाय-फाय नावाला एक वेगळा, बनवलेला मॅक अ‍ॅड्रेस देऊ लागले. त्यामुळे एकाच इमारतीत दोन नावांची वाय-फाय असली, तर एकच फोन दोन उपकरणे म्हणून दिसतो. असा बनवलेला पत्ता ओळखण्याची एक सोपी खूण आहे. त्याचे दुसरे अक्षर `2`, `6`, `a` किंवा `e` असते. उदाहरणार्थ, `da:` ने सुरू होणारा पत्ता पाहिला तर दुसरे अक्षर `a` आहे, म्हणजे तो बहुधा फोनने स्वतः तयार केलेला आहे. या खुणेवरून पत्ता बनावट आहे एवढेच कळते, दोन पत्ते एकाच फोनचे आहेत हे कळत नाही. त्यासाठी मला त्या सभासदांकडे जाऊन त्यांच्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये दोन्ही पत्ते पाहावे लागले. जी गोष्ट घरोघरी जाऊन पडताळावी लागते, ती कंपनीच्या प्रणालीने दुरून निश्चित केली असेल हे मला पटत नाही.

राहिलेल्या सहा जादा ओळी लॅपटॉपच्या निघाल्या. केबल आणि वाय-फाय या दोन्हींना वेगळे मॅक अ‍ॅड्रेस असल्याने एकेका लॅपटॉपच्या दोन ओळी होत्या. अशा रीतीने ६९ मध्ये ३१, १२ आणि ६ मिळवले की ११८ चा हिशेब पूर्ण जुळतो.

या मोजणीमुळे सभासदांमध्ये जो अन्याय होतो आहे, तो मला शुल्कापेक्षाही जास्त गंभीर वाटतो. अहवाल आल्यानंतर सभेत त्या सहा फ्लॅटच्या सभासदांकडे बोट दाखवले गेले, कारण यादीत नावे त्यांच्याच उपकरणांची दिसतात. स्वतःचा राउटर असलेल्या चौदा फ्लॅटमध्ये मिळून याहून कितीतरी जास्त उपकरणे असू शकतात, पण मोजणीत ते चौदाच राहतात. उद्या त्या सहाही घरांनी राउटर लावले, तर संस्थेची संख्या ६९ वरून थेट २४ वर येईल. वापर तसूभरही कमी झालेला नसेल. उलट घरचा राउटर आणि गेटवे अशा दोन टप्प्यांत पत्ते बदलल्यामुळे काही ऑनलाइन खेळ आणि बाहेरून घरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणे यांत अडचणी वाढतील. जी मोजणी पेटीचा प्रकार बदलताच इतकी बदलते, तिच्यावर शुल्क ठरवणे योग्य नाही.

कंपनीने असेही कळवले आहे की पुढील काळात १०० ची मर्यादा गेटवेवरच लागू केली जाईल. मोजणी लीजवरच चालणार असेल, तर कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी गेलेल्या पाहुण्यांचे फोन जागा अडवून बसतील आणि दुपारी घरी परतलेल्या सभासदाच्या फोनला पत्ताच मिळणार नाही. वाय-फायची खूण पूर्ण दिसेल, इंटरनेट मात्र चालणार नाही. अशा वेळी विंडोज लॅपटॉपवर `ipconfig` ही आज्ञा दिली, की `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसतो. याचा अर्थ गेटवेकडून पत्ता न मिळाल्याने लॅपटॉपने तो स्वतःच घेतला आहे. सभासद मात्र हा वेगाचा किंवा केबलचा दोष समजून तक्रार करत राहतील.

तेव्हा कंपनीने लेखी सांगावे की तिची मोजणी लीजच्या ओळींची आहे, वेगवेगळ्या मॅक अ‍ॅड्रेसची आहे, की ठरावीक मिनिटांत ज्यांच्याकडून प्रत्यक्ष माहितीची देवाणघेवाण झाली अशा उपकरणांची आहे. करारातील 'एका वेळी' या शब्दांशी यांतली केवळ तिसरी पद्धत सुसंगत आहे, असे माझे मत आहे. स्वतःच्या राउटरमागची उपकरणे मोजली जातात का, आणि जात असतील तर कशाच्या आधारे, हेही कळायला हवे. कंपनीची खरी चिंता गेटवेवर पडणाऱ्या भाराची असेल, तर एकाच वेळी उघडलेल्या जोडण्यांची किंवा वेगाची मर्यादा तिने उघडपणे करारात लिहावी. ती आम्हाला मोजता येईल आणि फ्लॅटनिहाय वाटूनही घेता येईल.

तोवर एक तात्पुरता उपाय कंपनीच्याच हातात आहे, कारण गेटवेची सेटिंग बदलण्याचा अधिकार संस्थेला नाही. सभागृहाच्या वाय-फायसाठी पत्त्यांचा वेगळा गट करून तिथली लीज २४ तासांऐवजी दोन तासांची करावी. मग रात्री नऊला गेलेल्या पाहुण्याची ओळ अकरापर्यंत आपोआप गळून पडेल. तसेच ११८ या आकड्यावर आकारलेले जादा शुल्क या हिशेबाची पडताळणी होईपर्यंत स्थगित ठेवावे. त्या दुपारची यादी, खासगी नावे झाकून, कंपनीच्या तंत्रज्ञांना दाखवण्यास संस्था केव्हाही तयार आहे.

आपला विश्वासू,
सचिव,
एक सहकारी गृहनिर्माण संस्था