पुष्कराज की सुनहला? पेलाभर पाण्यात उत्तर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गुरुपुष्यामृताचा योग जवळ आला की लातूरपासून नांदेड-परभणीपर्यंत सगळीकडे पुष्कराजाच्या जाहिराती सुरू होतात. मुलीचे लग्न लांबते आहे, मुलाच्या नोकरीचे जमत नाही, म्हणून कुणीतरी सव्वापाच रत्तीचा पुष्कराज सुचवतो आणि घरची माणसे सोयाबीनच्या पट्टीतून पैसे बाजूला काढतात. खडा घालावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. त्यावर मला काही म्हणायचे नाही. पण पुष्कराजाचे पैसे घेऊन सुनहला हा तसाच पिवळा दिसणारा स्वस्त खडा दिला जातो, हे मी सराफ्यात काम करताना वारंवार पाहिले आहे. ही फसवणूक पाच मिनिटांत पकडता येते, म्हणून हे पत्र.

औसा तालुक्यातील एक जोडपे मध्यंतरी अंगठी घेऊन आले होते. बाहेरगावच्या एका दुकानात त्यांनी सहा हजार रुपये रत्तीने, म्हणजे साडेएकतीस हजारांना खडा घेतला होता. सोन्याचे आणि घडणावळीचे पैसे वेगळे. अंगठीवर हॉलमार्क होता, त्यामुळे खडाही सरकारने तपासलेला आहे अशी त्यांची समजूत होती. हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेचा असतो, खड्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्यांनी घरी खडा रात्रभर दुधात ठेवून पाहिला होता, काचेवर ओढूनही पाहिला होता. दुधाच्या परीक्षेला काहीच अर्थ नाही. काचेवर ओरखडा उठतो तो पुष्कराजानेही, टोपाज या तिसऱ्या पिवळ्या खड्यानेही आणि सुनहल्यानेही, कारण तिन्ही काचेपेक्षा कठीण आहेत.

आम्ही खडा अंगठीतून काढून वजन केले. ०.९५४ ग्रॅम भरला, म्हणजे सव्वापाच रत्तीच. वजनात खोट नव्हती. मग त्याच काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणला. बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून खडा पाण्यात सोडला. पूर्ण बुडालेला, पण तळाला किंवा कडेला न टेकलेला. काट्यावर आकडा आला ०.३६०. खड्याने जितके पाणी बाजूला सारले, तितक्या पाण्याचे हे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की खड्याची घनता कळते. ०.९५४ भागिले ०.३६० म्हणजे २.६५. हा गारगोटीच्या जातीच्या क्वार्ट्झचा आकडा, म्हणजे खडा सिट्रीन होता, ज्याला आपल्याकडे सुनहला म्हणतात. तोच खडा टोपाज असता तर पाण्यातला आकडा ०.२७० च्या आसपास आला असता, कारण टोपाजाची घनता साधारण ३.५३ आहे. खरा पुष्कराज म्हणजे कोरंडम, नीलम आणि माणकाचे सख्खे भावंड. त्याची घनता ४ असते, तेव्हा आकडा ०.२३९ आला असता. तिघांचे रंग कितीही जुळले तरी हे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत.

यात चूक होते ती बहुधा बुडबुड्यांमुळे. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो आणि चांगला पुष्कराज टोपाजासारखा दिसू लागतो. म्हणून खडा आधी साबणाने धुवावा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि माप दोनदा घ्यावे. काटा ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा हवा. काचेची घनता मात्र काहीही असू शकते, त्यामुळे आकडा जुळला तरी दहापट भिंगाखाली आत गोल बुडबुडे दिसतात का, ते पाहावेच.

आता भावाचे. चांगला सुनहला रत्तीला दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पिवळा टोपाज, ब्राझीलचा केशरी झाकीचा उंची माल सोडला, तर त्याहून फार महाग नसतो. पुष्कराज मात्र हजारांत जातो आणि श्रीलंकेचा, भट्टीत न तापवलेला, स्वच्छ खडा रत्तीला दहा हजारांच्या पुढे सहज जातो. पिवळा रंग तोच असताना एवढे अंतर का, असे त्या जोडप्यानेही विचारले.

कारण जमिनीत आहे. सुनहला म्हणजे सिलिका, आपल्या शेतात सापडते त्या गारगोटीचेच पारदर्शक, पिवळे रूप. मराठवाड्यात काळ्या पाषाणातल्या पोकळ्या फुटल्या की कधी कधी आत जांभळे स्फटिक निघतात. तसाच जांभळा स्फटिक ब्राझीलमध्ये मोठ्या प्रमाणावर निघतो, आणि तो साडेचारशे-पाचशे अंश तापमानाला तापवला की पिवळा होतो. बाजारातला बहुतेक सुनहला असाच बनतो. टोपाजाचेही स्वच्छ स्फटिक किलो-किलोचे मिळतात. कोरंडम मात्र ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा, आणि तो तयार व्हायला आजूबाजूला मोकळी सिलिका असून चालत नाही. ती असेल तर ॲल्युमिनियम तिच्याशी जोडले जाऊन दुसरीच खनिजे होतात. पृथ्वीच्या कवचात सिलिका जागोजागी असल्यामुळे कोरंडमला जागाच थोड्या मिळतात. जो मिळतो त्यातलाही बराचसा अपारदर्शक, घासकामाला वापरण्याजोगा. पिवळा, स्वच्छ आणि पाच रत्तीचा तुकडा त्यातून क्वचितच निघतो. शिवाय कोरंडम जड असल्याने सव्वापाच रत्तीचा पुष्कराज तेवढ्याच वजनाच्या सुनहल्यापेक्षा लहान दिसतो. सुनहल्याचे आकारमान त्याच्या दीडपट असते. ‘एवढ्याच पैशात मोठा खडा देतो’ असे कुणी म्हणाले की तिथेच सावध व्हावे.

पाण्याच्या परीक्षेची हद्दही सांगितली पाहिजे. भट्टीत बनवलेल्या कृत्रिम पुष्कराजाची घनताही ४ च असते, कारण रसायन तेच. फ्रान्सच्या वेर्नॉयने १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने तो आजही बनतो आणि अगदी स्वस्त असतो. त्यात भिंगाखाली वक्र रेषा दिसतात, पण पिवळ्या खड्यात त्या सापडणे अनुभवी डोळ्यालाही अवघड जाते. फिकट खडा बेरिलियमसोबत तापवून गडद पिवळा करण्याची पद्धतही या शतकाच्या सुरुवातीपासून बाजारात आहे. त्या खड्याचा भाव नैसर्गिक रंगाच्या खड्याच्या पासंगालाही पुरत नाही. बेरिलियम इतके हलके मूलद्रव्य आहे की नेहमीच्या क्ष-किरण यंत्रालाही दिसत नाही. लेसरने कणभर भाग उडवून तपासावा लागतो. म्हणून रक्कम मोठी असेल तर मुंबई किंवा जयपूरच्या प्रयोगशाळेचा दाखला मागावा आणि दाखल्यावरचे वजन व मापे खड्याशी ताडून पाहावीत.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सराफ संघटनांना माझी विनंती आहे की काट्याशेजारी पाण्याचा पेला ठेवून गिऱ्हाईकासमोर हे माप घेण्याची रीत पाडावी. बिलावर नुसते ‘पुष्कराज’ किंवा ‘पिवळा खडा’ न लिहिता ‘नैसर्गिक कोरंडम’, वजन, आणि तापवलेला आहे की नाही, एवढे लिहावे. बिलात हे असेल तर ग्राहक आयोगासमोर बोलायला आधार राहतो. आणि गिऱ्हाईकांनी खडा सुटाच घ्यावा, तपासून घ्यावा आणि मगच अंगठीत बसवायला द्यावा, कारण सोन्यात बसवलेल्या खड्याचे पाण्यातले माप घेता येत नाही.

आपला,
सराफ्यातील एक जुना कारागीर, लातूर