बुधवारची गोळी

इंदूर, लोकमान्य नगर

प्रिय नंदू,

काल फोनवर तू म्हणालास, काकांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू केलंय, सांभाळायला ठेवलेल्या माणसाला फक्त हिंदी येतं, आणि तू निरोप टाकून दिलास, "हफ्ते में एक बार". फोन ठेवला तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आत्याच्या वेळी मीही अगदी हेच लिहिलं होतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आत्याच्या चिठ्ठीवर इंग्रजीत होतं: मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. स्ट्रिप मिळाली अडीच मिलिग्रॅमची, म्हणजे एका वेळी चार गोळ्या. आत्याला सांभाळणाऱ्या दीदीला मी हिंदीत कळवलं, "चार गोली, हफ्ते में एक बार". औषधवाल्याने पाकिटावर सवयीने ०-०-१ असं लिहून दिलं होतं. सकाळ-दुपार-रात्र या खुणेत आठवड्याला जागाच नाही, ती वाचणारा रोजचंच समजतो. दीदीने माझा निरोप आणि पाकीट जुळवून स्वतःचा अर्थ लावला: हप्त्यात चार गोळ्या, रोज रात्री एक. तिचं काय चुकलं? दोन्ही कागद एकत्र वाचले तर तोच अर्थ निघतो. बुधवारी एक दिली, गुरुवारी एक दिली, आणि त्या रात्री सहज म्हणाली, "भैया, आज वाली भी दे दी." माझे हातपाय गार पडले.

लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्या आठवड्याची पुढची गोळी थांबवली आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं. सुदैवाने सगळं ठीक निघालं. मग त्यांनी समजावलं. हे औषध पेशींची वाढ रोखतं, आणि हाडांतला मगज, तोंडाची आणि आतड्याची आतली त्वचा सतत नव्याने तयार होत असते. आठवड्यातून एकदा घेतलं तर मधल्या दिवसांत तिला सावरायला वेळ मिळतो. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर तो वेळच मिळत नाही. म्हणून लहान मात्रासुद्धा रोज घेतल्याने माणसं दगावलेली आहेत.

मग निरोप नव्याने लिहायला बसलो. पहिली गोष्ट, "हफ्ते में" काढून वाराचं नाव घातलं. डॉक्टरांना विचारून बुधवार ठरवला, कारण दीदी रविवारी सुटीवर असते आणि बुधवार दोन्ही भाषांत बुधवारच. "आठ दिवसांनी" हेही नको. आपण मराठीत आठ दिवस म्हणतो तेव्हा आठवडा म्हणत असतो, पण बोटांवर मोजणारा माणूस खरोखर आठ मोजेल, आणि वार सरकत जाईल.

दुसरी गोष्ट मला बहिणीने पकडून दिली. तिला चिठ्ठी दाखवली नाही, फक्त माझा हिंदी निरोप पाठवला आणि म्हटलं, यातलं मराठीत सांग. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी होती, मेथोट्रेक्सेटच्या दिवशी द्यायची नाही अशी. मी लिहिलं होतं, "फोलिक दूसरे दिन". माझ्या मनात होतं, वेगळ्या दिवशी. बहीण म्हणाली, "दुसऱ्या दिवशी, की एक दिवसाआड?" डॉक्टरांना पुन्हा विचारून "शनिवार" असं लिहिलं. शिवाय आमच्याकडच्या दोन्ही गोळ्या लहान, पिवळ्या, ताटलीत ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. आता त्या वेगवेगळ्या डब्यांत आहेत.

शेवटी बुधवारच्या गोळीचा दीदीकडे गेलेला निरोप असा:

"बुधवार वाली गोली (मेथोट्रेक्सेट)। पत्ते पर 2.5 लिखा हो तभी: बुधवार रात खाने के बाद 4 गोली एक साथ। बाकी छह दिन यह गोली नहीं, दर्द बढ़े तब भी नहीं। पत्ते पर कुछ और लिखा हो तो मत देना, मुझे फोटो भेजना। भूल जाओ तो अपने मन से मत देना, फोन करना। बुखार, मुँह में छाले, दस्त, नीले निशान या साँस फूलना: गोली रोककर उसी समय फोन।"

आकडा मुद्दाम स्ट्रिपवर छापलाय तसाच ठेवला, कारण तिला अक्षर-अक्षर जुळवायचं असतं. "ढाई" मी कुठेच लिहिलं नाही. "ढाई वाली चार" हे फोनवर ऐकणाऱ्याला अडीच गोळ्याही वाटू शकतं. आणि "पत्ता" वाचून हसू नकोस, हिंदीत स्ट्रिपला तेच म्हणतात.

"दस्त" का? कारण आपलं "जुलाब" तिकडे वेगळं ऐकलं जातं. "जुलाब हो तो" असं लिहिलं असतं तर तिला पोट साफ करायचं औषध वाटलं असतं. आणि जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडातून हे औषध नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे नेमकी तीच खूण चुकायला नको. तसंच "ताप" नाही, "बुखार".

फोटोच्या ओळीने दोन महिन्यांनी काम केलं. दुकानात अडीचची स्ट्रिप नव्हती, त्यांनी दहाची दिली. मंगळवारी रात्री दीदीचा फोटो आला: "भैया, इस पत्ते पर 10 लिखा है।" निरोपात फक्त "4 गोली" असतं तर त्या बुधवारी ४० मिलिग्रॅम गेलं असतं. मी स्ट्रिप परत करून अडीचचीच आणली. नवी स्ट्रिप वेगळी असेल तर जुना निरोप पुसून नवा लिहायचा, गोळ्यांचा आकडा तोंडी बदलून सांगायचा नाही, असं आता ठरलंय.

आणि फोनवर "कल" हा शब्द मी सोडलाय. मी विचारलं होतं, "कल की गोली निकाल ली?" ती म्हणाली, "हाँ, दे दी." मी उद्याचं विचारत होतो, तिने कालचं ऐकलं. हिंदीत दोन्हीला एकच शब्द. आता मी तारीख आणि वार म्हणतो, आणि ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या बुधवारी गोळी दिल्यावर बरोबरची खूण करते. देण्याआधी नाही, दिल्यावर.

"समझ गईं?" असं कधी विचारू नकोस, उत्तर हो असंच येतं. मी विचारलं होतं, "मंगलवार को दर्द बहुत हो, तो क्या दोगी?" ती म्हणाली, "एक बुधवार वाली." निरोपातली "दर्द बढ़े तब भी नहीं" ही ओळ त्या उत्तरानंतर लिहिली. पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "पहले आपको फोन."

आणखी एक. तुझ्या घरी सांभाळणाऱ्या बाई असतील आणि त्या गरोदर असतील किंवा तशी शक्यता असेल, तर या गोळ्या तोडणं, कुटणं त्यांच्याकडून करवू नकोस. गर्भाला धोका असतो. गोळी अख्खीच द्यायची. दुसरा कोणी डॉक्टर काही अँटिबायोटिक देत असेल, तर आधी हे औषध चालू आहे हे त्याला सांग. त्यातली काही याच्या सोबत चालत नाहीत.

वरचे आकडे आत्याचे आहेत, काकांचे वेगळे असतील. आज रात्रीच तुझा निरोप मागे घे, आणि काकांची चिठ्ठी, स्ट्रिप आणि पाकीट या तिन्हींचे फोटो मला पाठव. पाकिटावर काय खूण आहे ते आधी बघ. निरोप आपण दोघं मिळून लिहू, पण पाठवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना किंवा दुकानातल्या फार्मासिस्टला वाचून दाखवायचा.

काकांना नमस्कार सांग. आत्या तुझी आठवण काढते.

तुझा,
बाळू